कॅनडाहून मनिलाला गेलेले १०३ कंटेनर: प्लास्टिक भंगाराच्या एका खेपेचा प्रकरण अभ्यास

प्रकरण थोडक्यात

२०१३ आणि २०१४ या दोन वर्षांत कॅनडातून फिलिपाइन्समध्ये १०३ कंटेनर आले. सोबतच्या कागदपत्रांत आतला माल पुनर्प्रक्रियेसाठी पाठवलेले प्लास्टिक भंगार असल्याचे लिहिले होते. प्रत्यक्षात बऱ्याच कंटेनरांमध्ये न वेगळा केलेला घरगुती कचरा होता. हा माल परत पाठवायला जवळजवळ सहा वर्षे लागली आणि परत जाईपर्यंत त्यातील एक तृतीयांश कंटेनर फिलिपाइन्समध्येच रिकामे झाले होते. या प्रकरणावर त्या काळात जगभर बातम्या आल्या, पण त्यातल्या बहुतेकांचा भर फिलिपाइन्सच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या धमक्यांवर राहिला. त्या सहा वर्षांत कोणता निर्णय कोणाच्या हातात होता आणि तो का लांबला, हा या टिपणाचा विषय आहे. निर्यातदार आणि आयातदार कंपन्यांची नावे येथे मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण प्रश्न त्या दोन कंपन्यांपुरता नाही.

पार्श्वभूमी

प्लास्टिक भंगाराचा आंतरराष्ट्रीय व्यापार मुळात बेकायदेशीर नाही. पाण्याच्या बाटल्यांचे स्वच्छ पीईटी किंवा दुधाच्या कॅनचे एचडीपीई, एकाच जातीचे आणि धुतलेले असेल, तर त्याला जगभर गिऱ्हाईक असते, कारण ते वितळवून त्याचे दाणे करता येतात. अडचण मिश्र गठ्ठ्यांची आहे. श्रीमंत देशांत नागरिक एकाच पेटीत बाटल्या, डबे, पिशव्या, वेष्टने असे सगळे टाकतात. वर्गीकरण केंद्रात त्यातून किमतीचे प्लास्टिक आधी काढून घेतले जाते. मागे जे उरते त्यात पातळ पिशव्या, अनेक थरांची वेष्टने, अन्न लागलेले ट्रे आणि कोणत्याच जातीत न बसणारे तुकडे असतात. हे हाताने निवडायला कॅनडात जी मजुरी द्यावी लागेल, तितकी त्या मालाची किंमतच नसते. तो स्थानिक कचराभूमीत टाकायचा तर टनामागे शुल्क भरावे लागते.

याच टप्प्यावर समुद्रमार्ग स्वस्त पडतो. आशियातून उत्तर अमेरिकेला भरून गेलेले कंटेनर परतताना बऱ्याच वेळा रिकामे असतात आणि जहाज कंपन्या परतीच्या प्रवासाला नाममात्र भाडे घेतात. त्यामुळे ज्या मालाला कॅनडात कोणी पैसे देऊन घेणार नाही, तो दहा हजार किलोमीटर दूर पाठवणे हे घराजवळच्या खड्ड्यात टाकण्यापेक्षा फायद्याचे ठरू शकते. निर्यातदाराला विल्हेवाटीचे शुल्क वाचते, आयातदाराला त्यातले थोडे विकण्याजोगे प्लास्टिक मिळते आणि उरलेले काय झाले हे कोणी विचारत नाही. या व्यवहारात नफा दोघांना होतो आणि तोटा तिसऱ्याच्या, म्हणजे कचरा जिथे उतरतो त्या गावाच्या, वाट्याला येतो.

वर्षाचाही संदर्भ लक्षात घ्यायला हवा. त्या काळी अशा मालाचा सर्वांत मोठा ग्राहक चीन होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये चीनने ‘ग्रीन फेन्स’ नावाची मोहीम सुरू केली आणि बंदरात येणारे गठ्ठे उघडून अस्वच्छ माल परत पाठवायला सुरुवात केली. मनिलाला येणारी पहिली खेप त्यानंतर चारच महिन्यांनी, जूनमध्ये आली. या दोन घटनांचा थेट संबंध कागदावर कोणी दाखवलेला नाही, पण एका दारावर तपासणी कडक झाली की माल शेजारचे दार शोधतो, हे २०१८ मध्ये चीनने आपले दार बंद केल्यानंतर आग्नेय आशियाने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवले.

फिलिपाइन्सचा कायदा या बाबतीत कोरा नव्हता. विषारी पदार्थ आणि धोकादायक कचऱ्यावर नियंत्रण ठेवणारा तेथील प्रजासत्ताक कायदा क्रमांक ६९६९ हा १९९० चा आहे. पुनर्प्रक्रियेसाठी भंगार आणायला पर्यावरण खात्याचा परवाना लागत होता. म्हणजे दार बंद नव्हते, परवाना दाखवून आत येता येत होते. आणि परवाना हा कागदावरील वर्णनाला मिळत असतो, कंटेनरच्या आतल्या वस्तूला नव्हे.

कंटेनर उघडल्यावर

जून ते ऑगस्ट २०१३ या काळात पहिले ५० कंटेनर टप्प्याटप्प्याने मनिला बंदरात उतरले. सीमाशुल्क विभागाने ते अडवून उघडले, तेव्हा गठ्ठ्यांमध्ये प्लास्टिकच्या बाटल्या आणि पिशव्यांबरोबर वर्तमानपत्रे, स्वयंपाकघरातला कचरा आणि वापरलेले प्रौढांचे डायपर निघाले. घेणारी कंपनी मनिलाला लागून असलेल्या व्हॅलेन्सुएला शहरातली होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये सीमाशुल्क विभागाने प्रकरण जाहीर करून आयातदारावर गुन्हे दाखल केले. या मधल्या काळात आणखी कंटेनर येऊन पोचले होते आणि एकूण संख्या १०३ वर गेली. निर्यातदार कंपनीने आरोप नाकारले आणि आपण पाठवलेला माल प्लास्टिकच होता, ही भूमिका घेतली.

एकूण वजन सुमारे २,४५० टन होते. भागाकार केला तर एका कंटेनरमागे चोवीस टनांच्या आसपास वजन येते. हा आकडा स्वतःहून संशयास्पद नाही, कारण दाबून बांधलेल्या प्लास्टिकचे गठ्ठेही मोठ्या कंटेनरमध्ये साधारण इतकेच भरतात. कागदावरून, वजनावरून किंवा सीमाशुल्काच्या शीर्षकावरून फसवणूक ओळखता येत नाही, हीच या धंद्याची सोय आहे. सीमाशुल्काच्या यादीत प्लास्टिकचे सर्व भंगार ३९१५ या एकाच शीर्षकाखाली येते; ते धुतलेले आहे की डायपरसह आहे, हे त्या शीर्षकाला कळत नाही. बंदरातील अनुभवी कर्मचारी पाहतो त्या खुणा वेगळ्या असतात. कंटेनरच्या दारातून किंवा तळाच्या फटीतून घाण पाणी ठिबकत असेल, तर आत ओला कचरा आहे. दाराजवळचे गठ्ठे नीटनेटके आणि एकाच रंगाचे असतील, पण मागचे सैल आणि काळपट, तर दर्शनी माल पुढे लावलेला आहे. म्हणून फक्त दार उघडून पाहणे पुरेसे नसते. किमान काही कंटेनर पूर्ण रिकामे करावे लागतात आणि गठ्ठ्यांच्या तारा तोडाव्या लागतात. एका कंटेनरसाठी हे काम करायला माणसे, जागा आणि बराच वेळ लागतो. वर्षाला लाखो कंटेनर हाताळणाऱ्या बंदरात ते प्रत्येक खेपेसाठी करणे शक्य नाही.

समोर असलेले पर्याय

२०१४ च्या सुरुवातीला फिलिपाइन्स सरकारसमोर तीन मार्ग होते.

पहिला मार्ग माल ताबडतोब परत पाठवण्याचा होता. त्याला आधार बेसल कराराचा होता. धोकादायक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवर नियंत्रण ठेवणारा हा करार १९८९ मध्ये स्वीकारला गेला आणि १९९२ मध्ये लागू झाला. कॅनडा आणि फिलिपाइन्स हे दोन्ही देश त्याचे सदस्य आहेत. करारातील नववे कलम असे सांगते, की संमतीशिवाय किंवा कागदपत्रांशी न जुळणारा माल पाठवला गेला आणि त्याला निर्यातदार जबाबदार असेल, तर निर्यात करणाऱ्या देशाने कळवल्यापासून तीस दिवसांत तो परत घेण्याची व्यवस्था करावी. याच कलमात दुसरी बाजूही आहे: दोष आयातदाराचा ठरला, तर विल्हेवाटीची जबाबदारी आयात करणाऱ्या देशावर येते. दोष कोणाचा हे ठरले नाही, तर दोन्ही देशांनी मिळून मार्ग काढायचा. या तीन उपकलमांपैकी कोणते लागू करायचे, याच प्रश्नात पुढची वर्षे गेली.

दुसरा मार्ग माल फिलिपाइन्समध्येच पुरण्याचा किंवा जाळण्याचा. तो लवकर होणारा होता, बंदरातली जागा मोकळी होणार होती आणि कॅनडाशी संबंध बिघडणार नव्हते. पण त्यातून एक पायंडा पडला असता: खोट्या वर्णनाखाली कचरा पाठवा, थोडी वाट पाहा, घेणारा देश स्वतःच्या खर्चाने तो पुरून टाकेल.

तिसरा मार्ग गठ्ठे फोडून त्यातील उपयोगी प्लास्टिक स्थानिक उद्योगाला देण्याचा होता. तो कागदावर शहाणपणाचा दिसतो. परंतु बंद पत्र्याच्या पेटीत उष्ण कटिबंधातल्या उन्हात महिनोन्महिने राहिलेल्या ओल्या कचऱ्यातून प्लास्टिक हाताने निवडणे हे आरोग्याच्या दृष्टीने वाईट काम असते आणि मिळणारा माल इतका मळलेला असतो की तो धुण्याचा खर्च किमतीपेक्षा जास्त होतो. जो व्यवहार कॅनडात परवडला नाही तोच येथे सरकारी खर्चाने करायचा, असा त्याचा अर्थ होता.

कॅनडाची भूमिका आणि ‘धोकादायक’ या शब्दावरचा वाद

कॅनडा सरकारने सुरुवातीपासून हा दोन खासगी कंपन्यांमधला व्यवहार असल्याचे सांगितले. आपल्या निर्यातदाराला माल परत आणायला भाग पाडणारा कायदाच देशात नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्यात तांत्रिक तथ्य होते, कारण कॅनडाच्या तेव्हाच्या नियमांत घरगुती कचरा धोकादायक कचऱ्याच्या व्याख्येत बसत नव्हता. तो धोकादायक नाही म्हणून निर्यातीला परवानगी लागत नाही, आणि परवानगी लागत नाही म्हणून परत घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही, अशी ही साखळी होती.

मला या युक्तिवादातली सर्वांत कच्ची कडी पहिलीच वाटते. बेसल करारात ‘धोकादायक कचरा’ आणि ‘इतर कचरा’ असे दोन वर्ग आहेत. दुसऱ्या परिशिष्टात घरांतून गोळा केलेला कचरा पहिल्यापासून वाय-४६ या क्रमांकाने नोंदवलेला आहे आणि परत घेण्याचे कलम दोन्ही वर्गांना लागू आहे. म्हणजे डायपर विषारी आहे की नाही हा वाद घालण्याची गरजच नव्हती. तो घरातून आलेला कचरा आहे एवढे सिद्ध होणे पुरेसे होते. तरीही दोन्ही बाजूंची बरीच वर्षे धोकादायकपणाच्या चर्चेत गेली. हाच मुद्दा कॅनडातील एका विधी केंद्राने एप्रिल २०१९ मध्ये आपल्या मतात ठळकपणे मांडला आणि कॅनडा कराराचा भंग करत असल्याचे म्हटले. तोवर पहिल्या कंटेनरचे सहावे वर्ष संपत आले होते.

कॅनडाने २०१६ मध्ये आपले नियम बदलले. आयात करणारा देश ज्या कचऱ्याला धोकादायक मानतो तो कॅनडातून पाठवतानाही धोकादायक मानला जाईल, अशी तरतूद त्यात आली. पळवाट बुजली, पण आधी गेलेल्या १०३ कंटेनरांचे काय, याचे उत्तर त्या दुरुस्तीत नव्हते.

प्रत्यक्षात काय केले गेले

फिलिपाइन्सने आधी दुसरा मार्ग धरला. २०१५ च्या मध्यावर २६ कंटेनरांतला माल लूझोन बेटावरील तार्लाक प्रांतात, कापास येथील कचराभूमीत टाकण्यात आला. ही बातमी बाहेर येताच प्रांतातून जोरदार विरोध झाला. मनिलाच्या बंदरात अडकलेला परदेशी कचरा आमच्या गावात का, हा स्थानिकांचा प्रश्न होता आणि त्याला केंद्रीय यंत्रणेकडे पटण्याजोगे उत्तर नव्हते. काम थांबवावे लागले. आणखी काही कंटेनर वेगळ्या मार्गाने निकालात निघाले आणि एकूण ३४ कंटेनरांतला माल देशातच राहिला.

हा या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय ठरला, आणि तो पैशांमुळे नव्हे. माल पुरल्यावर पुरावाही पुरला गेला. परत घ्या म्हणणारा देश स्वतःच तो माल स्वीकारून विल्हेवाट लावू लागला, तर समोरच्याला ‘तुम्हीच तोडगा काढला आहे’ म्हणायची संधी मिळते. त्या वेळी प्रकरण हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांवर बंदर मोकळे करण्याचा दबाव होता हे खरे. २०१४ मध्ये मनिला बंदरात मालाची प्रचंड कोंडी झाली होती. पण बंदराची कोंडी हा कंटेनर दुसरीकडे हलवण्याचा मुद्दा होता, रिकामे करण्याचा नव्हे. पुढे उरलेले कंटेनर मनिलाबाहेरच्या सुबिक बंदरातूनच जहाजावर चढले, म्हणजे जागेचा प्रश्न सुटण्यासारखा होता.

जून २०१६ मध्ये मनिलाच्या एका प्रादेशिक न्यायालयाने कंटेनर कॅनडाला परत पाठवण्याचा आणि त्याचा खर्च आयातदाराने करण्याचा आदेश दिला. स्थानिक पर्यावरण संघटनांनी, विशेषतः इकोवेस्ट कोअलिशनने, हा विषय सतत लावून धरला होता आणि त्यांच्यासाठी हा मोठा विजय होता. अंमलबजावणी मात्र झाली नाही. आदेश ज्याच्यावर होता त्या आयातदाराकडून एवढी रक्कम वसूल होण्याची शक्यता नव्हती, आणि ज्या देशाने माल घ्यायचा तो न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर होता. शिवाय परत जाणाऱ्या कंटेनरला कॅनडाच्या बंदरात उतरू द्यायचे की नाही हे कॅनडाने ठरवायचे असल्यामुळे, दोन सरकारांत समझोता झाल्याशिवाय एकही जहाज कंपनी तो माल घेणार नव्हती.

नोव्हेंबर २०१५ आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो शिखर परिषदांसाठी मनिलाला आले, तेव्हा दोन्ही वेळा पत्रकारांनी या कंटेनरांबद्दल विचारले. दुसऱ्या वेळी त्यांनी माल परत घेणे आता तत्त्वतः शक्य असल्याचे सांगितले. त्यानंतरही दीड वर्ष काही हलले नाही.

परतीचा प्रवास

२०१९ मध्ये दोन गोष्टी एकत्र आल्या. त्या वर्षी जानेवारीत दक्षिण कोरियाने फिलिपाइन्सच्या मिंदानाओ बेटावर आलेल्या आपल्या कचऱ्यातील १,४०० टनांच्या आसपास माल ५१ कंटेनरांत परत नेला. तो प्रकार २०१८ मध्ये उघडकीस आला होता, म्हणजे काही महिन्यांतच पहिली खेप परत गेली. कॅनडाच्या प्रकरणाला सहा वर्षे आणि कोरियाच्या पहिल्या खेपेला काही महिने, ही तुलना मनिलातल्या वर्तमानपत्रांतून वाचकांसमोर आपोआप आली. दुसरी गोष्ट म्हणजे एप्रिलमध्ये फिलिपाइन्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांनी कॅनडाविरुद्ध युद्ध पुकारण्याची भाषा केली आणि सरकारने १५ मे ही मुदत दिली. मुदत उलटली, तेव्हा फिलिपाइन्सने आपले राजदूत आणि वाणिज्यदूत परत बोलावले.

त्यानंतर कॅनडाने एका माल वाहतूक कंपनीला कंत्राट दिले आणि खर्च आपण करू असे जाहीर केले. ३१ मे २०१९ रोजी उरलेले ६९ कंटेनर सुबिकहून निघाले, मार्गात दुसऱ्या जहाजावर चढले आणि २९ जून रोजी व्हँकुव्हरजवळच्या बंदरात पोचले. आतला सुमारे १,५०० टन कचरा बर्नबी येथील, कचऱ्यापासून ऊर्जा निर्माण करणाऱ्या प्रकल्पात जाळण्यात आला.

खर्चाचा हिशेब

परतीच्या वाहतुकीसाठी आणि विल्हेवाटीसाठी कॅनडा सरकारला सुमारे ११ लाख ४० हजार कॅनेडियन डॉलर खर्च आला. म्हणजे एका कंटेनरमागे साधारण साडेसोळा हजार डॉलर. त्यात फिलिपाइन्सच्या बंदरातले सहा वर्षांचे भाडे, अडकून पडलेल्या पेट्यांचे नुकसान, धूरफवारणी, न्यायालयीन कामकाज आणि ३४ कंटेनरांच्या स्थानिक विल्हेवाटीचा खर्च धरलेला नाही.

या आकड्याचा एक वेगळा उपयोग आहे. निर्यातदार हा माल बाहेर पाठवून टनामागे फार तर कचराभूमीचे शुल्क वाचवत होता. परत आणून जाळण्याचा खर्च टनामागे सातशे डॉलरपेक्षा जास्त गेला, आणि तो करदात्यांनी भरला. बचत खासगी आणि भुर्दंड सार्वजनिक अशी रचना असेपर्यंत, पकडले जाण्याची शक्यता कमी असली की हा धंदा चालत राहणारच. आयातीवर बंदी घालणाऱ्या देशांवर अनेकदा संरक्षणवादाचा आरोप होतो. पण हे गणित समोर ठेवले तर बंदीमागचा विचार साधा आहे: माल आत आल्यावर त्याची तपासणी, साठवण आणि परतवणी या तिन्हींचा खर्च घेणाऱ्या देशाच्या गळ्यात पडतो. तपासणीची यंत्रणा उभारण्यापेक्षा ते दार बंद ठेवणे स्वस्त पडते. चीनने २०१७ च्या जुलैमध्ये जागतिक व्यापार संघटनेला कळवून १ जानेवारी २०१८ पासून घरांतून आलेल्या टाकाऊ प्लास्टिकसह २४ प्रकारचा कचरा बंद केला तेव्हाही, आणि भारताने २०१९ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांना दिलेली प्लास्टिक भंगाराची सवलत काढून घेतली तेव्हाही, हा हिशेब होता.

बंदीला किंमतही आहे. ज्या कारखान्यांना स्वच्छ पीईटीचे तुकडे खरोखर हवे असतात, त्यांचा कच्चा माल त्याच आदेशात अडकतो. म्हणून सरसकट बंदीपेक्षा जातवार आणि शुद्धतेच्या मर्यादेनुसार परवानगी देणे अधिक न्याय्य आहे. मात्र अशी परवानगी देणाऱ्या देशाकडे गठ्ठे फोडून पाहण्याची ताकद हवी, आणि ती नसल्यामुळेच बहुतेक देश बंदीकडे वळतात.

निर्णयाचे टप्पे पुन्हा पाहताना

पहिला टप्पा २०१३ च्या उत्तरार्धातला. पहिले कंटेनर अडवल्यावर कॅनडा सरकारला बेसल कराराच्या अधिकृत संपर्क यंत्रणेमार्फत लेखी कळवणे, सोबत छायाचित्रे, मोहोरबंद नमुने आणि कंटेनर क्रमांक देणे, आणि वाय-४६ या नोंदीचा स्पष्ट उल्लेख करणे, एवढ्याने तीस दिवसांची मुदत सुरू झाली असती. मुदत पाळली गेली असती असे नाही. पण नंतरचा वाद कोणत्या तारखेपासून मोजायचा हे तरी ठरले असते. हा पत्रव्यवहार पर्यावरण, सीमाशुल्क आणि परराष्ट्र या तीन खात्यांत विखुरलेला राहिला, तर समोरच्या देशाला नेमकी कोणाला उत्तर द्यायचे हेच कळत नाही, किंवा न कळल्याचे सोंग घेता येते.

दुसरा टप्पा त्याच काळात येत असलेल्या पुढच्या खेपांचा. पहिल्या ५० कंटेनरांबद्दल संशय आल्यावरही त्याच मूळ ठिकाणाहून माल येत राहिला आणि उतरत राहिला. एकदा माल बंदराच्या धक्क्यावर उतरला की तो त्या देशाचा प्रश्न होतो. जहाजावर असताना तो अजून जहाज कंपनीचा असतो. मलेशियाने पुढे हेच ओळखले. जानेवारी २०२० पर्यंत त्या देशाने १५० कंटेनर, म्हणजे ३,७३७ टन कचरा, १३ देशांना परत पाठवला, आणि त्याचा खर्च निर्यातदार देश व जहाज कंपन्यांकडून घेतला, स्वतः केला नाही. जहाज कंपनीवर बोजा पडतो हे कळले, की ती पुढच्या वेळी अशा मालाची नोंदणी करतानाच प्रश्न विचारते.

तिसरा टप्पा तार्लाकचा. तो वर आलाच आहे.

चौथा टप्पा आर्थिक हमीचा, आणि तो घेणाऱ्या देशाच्या कायद्यात असायला हवा होता. भंगार आणणाऱ्याने परवान्यासोबतच परतीच्या वाहतुकीइतकी रक्कम बँक हमी म्हणून ठेवायची अट असती, तर २०१६ चा न्यायालयीन आदेश अंमलात आणता आला असता. आयात करण्यासाठी काढलेली लहान कंपनी बंद करून निघून जाणे हा या व्यापारातला अगदी नेहमीचा प्रकार आहे. हमी नसेल तर अशा कंपनीविरुद्ध मिळालेला निकाल वसूल होत नाही.

ई-कचऱ्यात तीच युक्ती

जुन्या संगणकांच्या व्यापारात कागदावरील वर्णनाची हीच फसवणूक थोड्या वेगळ्या रूपात चालते. तेथे कचरा ‘वापरलेली पण चालू यंत्रे’ या नावाने किंवा दुसऱ्याच धातूच्या भंगारात लपवून जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये न्हावाशेवा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयाने अडवलेल्या कंटेनरांवर अॅल्युमिनियम भंगार असे लिहिलेले होते आणि त्यामागे जुने लॅपटॉप व संगणकाचे भाग रचलेले होते. प्लास्टिकच्या बाबतीत निदान वास आणि पाणी माल सांगतात. लॅपटॉपला वास नसतो. तो चालू आहे की बंद, हे प्रत्येक नग वीज लावून पाहिल्याशिवाय समजत नाही, आणि बॅटरी मेलेली असली तर तेही पुरत नाही. म्हणून ज्या देशांनी चाचणी अहवालाशिवाय जुनी उपकरणे आणायला मनाई केली, त्यांनी पुराव्याची जबाबदारी निर्यातदारावर टाकली. कॅनडाच्या प्रकरणात ती जबाबदारी पूर्णपणे मनिलाच्या सीमाशुल्क विभागावर पडली होती.

नंतर बदललेले नियम

कंटेनर सुबिकहून निघायच्या तीनच आठवडे आधी, १० मे २०१९ रोजी, जिनिव्हात बेसल करारात प्लास्टिकविषयी दुरुस्ती झाली. १ जानेवारी २०२१ पासून मिश्र किंवा मळलेले प्लास्टिक पाठवण्यापूर्वी घेणाऱ्या देशाची लेखी संमती आवश्यक ठरली. जवळजवळ पूर्णपणे एकाच जातीचे आणि स्वच्छ प्लास्टिक, तेही पुनर्प्रक्रियेसाठीच जात असेल, तर संमती लागत नाही. १ जानेवारी २०२५ पासून धोकादायक नसलेल्या ई-कचऱ्यालाही पूर्वसंमतीची अट लागू झाली. अशी तरतूद २०१३ मध्ये असती, तर कॅनडाच्या निर्यातदाराला ‘धोकादायक नाही’ हा आडोसा मिळाला नसता, कारण संमतीची अट धोकादायकपणावर अवलंबून राहिली नसती.

तरीही ‘जवळजवळ पूर्णपणे एकाच जातीचे’ म्हणजे किती टक्के, हे करार स्वतः आकड्यात सांगत नाही. प्रत्येक देशाने आपली मर्यादा ठरवायची आहे. चीनने २०१८ मध्ये बंदीबाहेर राहिलेल्या भंगारासाठी अशुद्धतेची मर्यादा अर्धा टक्का ठेवली, आणि ती इतकी कठोर होती की व्यवहारात तिचा परिणाम बंदीसारखाच झाला. सैल मर्यादा ठेवली तर गठ्ठ्यात पाच-दहा टक्के कचरा कायदेशीरपणे शिरतो, म्हणजे चोवीस टनांच्या प्रत्येक कंटेनरमागे एक ते अडीच टन. शिवाय अमेरिका या कराराची सदस्य नाही आणि कॅनडा व अमेरिका यांच्यात कचऱ्याच्या देवाणघेवाणीसाठी वेगळी द्विपक्षीय व्यवस्था आहे. अमेरिकेत गेलेला माल तेथून पुढे कोणाच्या नावाने निघतो हे कॅनडाच्या नोंदींत दिसत नाही. त्यामुळे घेणाऱ्या देशाच्या अधिकाऱ्याने मूळ देशाच्या रकान्यावर विसंबून न राहता माल कुठल्या वर्गीकरण केंद्रातून निघाला याचे नाव आणि पत्ता परवान्याच्या अर्जातच मागावा.